जुने तैलचित्र: साफ करावे, रंग भरावा की आहे तसेच ठेवावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील उत्तरे कॅनव्हासवर किंवा लाकडी फळीवर रंगवलेल्या आणि वर व्हार्निश दिलेल्या जुन्या तैलचित्रांपुरती आहेत. भित्तिचित्रे, कागदावरील जलरंग आणि व्हार्निश न दिलेली आधुनिक चित्रे यांचे नियम वेगळे असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

जुने चित्र समोर आल्यावर संवर्धक सर्वांत आधी कशाचा निर्णय घेतो?

साफ करायचे की नाही, हा प्रश्न पहिला नसतो. डोळ्यांना खटकणारा बदल चित्राच्या नेमक्या कोणत्या थरात झाला आहे, हे आधी ठरवावे लागते. तैलचित्र बाजूने कापून पाहिले तर सर्वांत खाली कॅनव्हास किंवा लाकूड असते, त्यावर रंग धरून ठेवणारा पांढरा किंवा तपकिरी अस्तराचा लेप, त्यावर चित्रकाराचे एक किंवा अनेक रंगथर, त्यावर व्हार्निश आणि सर्वांत वर धूळ व काजळी. व्हार्निशच्या वर किंवा दोन व्हार्निशांच्या मध्ये पुढच्या काळात कोणी तरी केलेले रंगकामही पुष्कळदा सापडते.

बदल मूळ रंगाच्या वरच्या थरांत असेल, म्हणजे काजळी, पिवळे पडलेले व्हार्निश किंवा परक्या हाताचे रंगकाम असेल, तर साफसफाईचा विचार करता येतो. मूळ रंगच गळून तेथे पोकळी उरली असेल, तर साफसफाईने काही साधत नाही, तेथे रंगपूर्तीचा म्हणजे रिटचिंगचा विचार येतो. आणि मूळ रंगच रासायनिकदृष्ट्या बदलला असेल, तर बहुतेक वेळा त्याला हात लावायचा नसतो. प्रत्यक्षात या तिन्ही गोष्टी एकाच चित्रात, कधी कधी एकाच चौरस इंचात असतात. म्हणून निर्णय संपूर्ण चित्राचा एकदम न होता भागाभागाने होतो.

या सगळ्याआधी एक अट असते. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर ते आधी चिकटवून स्थिर करावे लागतात, कारण सुटत्या रंगावरून कापसाचा बोळा फिरवणे म्हणजे तो रंग बोळ्यासोबत उचलून नेणे होय.

चित्र पिवळे दिसते ते व्हार्निशमुळे की रंगच पिवळा पडल्यामुळे, हे कसे ओळखतात?

जुनी व्हार्निशे बहुधा डमार किंवा मस्तकी यांसारख्या झाडांच्या राळेची असत. हवेतील प्राणवायू आणि प्रकाश यांच्या संपर्कात ही राळ काही दशकांत पिवळी आणि पुढे तपकिरी होते. पिवळ्या काचेतून पाहिल्यासारखे सगळे चित्र बदलते: निळे आकाश हिरवट दिसू लागते, पांढरे वस्त्र मधासारखे होते, गडद भागांतील बारकावे एकमेकांत मिसळतात आणि दूरचे जवळचे यांतील अंतर मिटल्यासारखे वाटते.

पहिली खूण चौकटीखाली सापडते. चौकटीच्या ओठाखाली झाकलेली चित्राची कड वेगळी दिसत असेल, तर उघड्या भागात काय साचले किंवा काय फिके पडले याचा अंदाज येतो. दुसरी तपासणी अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाखाली होते. जुने राळेचे व्हार्निश तेथे हिरवट, दुधाळ चमकते आणि त्याच्यावर नंतर केलेली रंगपूर्ती गडद डागांसारखी उठून दिसते. हिरवट चमक सगळीकडे सारखी नसेल, चेहऱ्यावर विरळ आणि पार्श्वभूमीवर दाट असेल, तर पूर्वी कोणी तरी फक्त चेहरा साफ करून बाकीचे तसेच सोडले, असा अर्थ निघतो. असे पुष्कळ वेळा आढळते, कारण ग्राहकाला चेहरा उजळलेला हवा असे.

मात्र हा प्रकाश फसवूही शकतो. दाट जुन्या व्हार्निशची चमक इतकी असते की त्याच्याखाली दडलेली जुनी रंगपूर्ती तिच्याआड लपते आणि व्हार्निश विरळ केल्यावरच दिसू लागते. म्हणून एकाच तपासणीवर कोणी विसंबत नाही.

प्रत्यक्ष साफसफाई कशी करतात? कोणते रसायन वापरायचे हे कसे ठरते?

आधी वरची मळी आणि नंतर व्हार्निश, असा क्रम असतो, कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना वेगळी द्रव्ये लागतात. मोकळी धूळ मऊ कुंचल्याने काढली जाते. चिकटलेल्या काजळीसाठी किंचित ओलसर कापसाचा बोळा वापरतात. त्यात शुद्ध पाणी किंवा सायट्रेट क्षाराचे 1 ते 2 टक्क्यांचे पाण्यातील द्रावण असते. संवर्धकांच्या पिढ्यान्‌पिढ्या यासाठी चक्क लाळ वापरत आल्या आहेत. 1990 साली पोर्तुगालमधील संशोधकांनी तिची तपासणी करून तिच्यातील अमायलेज या विकराचा या कामात मोठा वाटा असल्याचे दाखवले. या शोधनिबंधाला 2018 साली हसवून विचार करायला लावणारे इग नोबेल पारितोषिक मिळाले खरे, पण संवर्धकांना त्यात हसण्यासारखे फारसे काही वाटले नसावे.

व्हार्निशसाठी पाणी चालत नाही, द्रावक लागते. येथे पद्धत अशी असते की सर्वांत दुबळ्या मिश्रणापासून सुरुवात करायची. टर्पेंटाइनच्या पर्यायासारख्या सौम्य खनिज द्रावकाचा जुन्या पिवळ्या राळेवर सहसा परिणाम होत नाही. मग त्यात 10 टक्के अल्कोहोल किंवा अॅसिटोन मिसळायचे, पुढे 20, मग 30, असे पायरीपायरीने जायचे. राळ जितकी जुनी आणि ऑक्सिडीकृत, तितके तिला तीव्र मिश्रण लागते. ज्या पहिल्या पायरीवर व्हार्निश विरघळते आणि खालचा रंग जागचा हलत नाही, ती पायरी कामाची. त्याहून तीव्र मिश्रणाने काम लवकर होईल, पण तो लोभ टाळायचा असतो.

ही चाचणी चित्राच्या कडेला, काही मिलिमीटरच्या चौकोनात घेतात. एका काडीला कापूस गुंडाळून केलेला छोटा बोळा मिश्रणात बुडवून, टिपकागदावर निथळून, काही सेकंद फक्त गोल फिरवतात, घासत नाहीत. प्रत्येक रंगासाठी चाचणी वेगळी असते. शिशाच्या पांढऱ्या रंगाचा थर सहसा दणकट असतो, कारण शिसे तेलाशी संयोग पावून घट्ट आवरण बनवते. त्याच चित्रातील गडद तपकिरी, काळे आणि पारदर्शक लाल रंग मात्र नाजूक असतात, कारण त्यांत तेल जास्त आणि कधी कधी राळही मिसळलेली असते. चेहऱ्याच्या कपाळावर निर्धोक ठरलेले मिश्रण केसांच्या सावलीत नुकसान करू शकते. म्हणून चांगल्या नोंदवहीत एकाच चित्रासाठी तीन चार निरनिराळी मिश्रणे आणि त्यांच्या सीमा लिहिलेल्या असतात.

बोळ्यावर रंग उतरला नाही, म्हणजे सगळे सुरक्षित, असे म्हणता येईल का?

नाही, आणि या गैरसमजामुळे पुष्कळ चित्रांचे नुकसान झालेले आहे. बोळ्यावर पिवळट तपकिरी डाग येणे अपेक्षितच असते, लाल किंवा निळा कण दिसला तर तत्काळ थांबायचे असते, हे ठीक. पण कण न येताही हानी होऊ शकते. द्रावक रंगथरात शिरला की तेलाचा सुकलेला थर फुगतो आणि मऊ पडतो, आणि त्यातील मुक्त स्निग्धाम्लांसारखे विरघळणारे घटक द्रावकाबरोबर बाहेर निघून जातात. द्रावक उडून गेल्यावर थर पुन्हा आक्रसतो. बाहेरून चित्र ठीक दिसते, पण रंग पूर्वीपेक्षा कोरडा, निस्तेज आणि ठिसूळ झालेला असतो. गेलेले घटक परत आणता येत नाहीत.

म्हणूनच द्रावक किती तीव्र यापेक्षा तो किती वेळ आणि किती खोल शिरतो याची काळजी अधिक घेतात. अलीकडे द्रावक घट्टसर जेलमध्ये धरून ठेवतात, म्हणजे तो पृष्ठभागावरच राहतो आणि ठरावीक वेळानंतर उचलून घेता येतो. मात्र जेलचा अवशेष मागे राहणार नाही हे पाहण्याची नवी जबाबदारी त्याबरोबर येते. फुकटात काहीच मिळत नाही.

पिवळे व्हार्निश पूर्ण काढून टाकतात का?

येथे संवर्धकांमध्ये प्रामाणिक मतभेद आहेत. एक मत असे की व्हार्निश हा बदलता येणारा संरक्षक थर आहे, तो खराब झाला की काढावा आणि नवा द्यावा. व्हार्निशने त्याचे काम केल्याचे एक ठळक उदाहरण अॅमस्टरडॅममधले आहे: 1990 साली एका माणसाने रेम्ब्राँच्या 'नाइट वॉच'वर आम्ल फवारले, तेव्हा पहारेकऱ्याने लगेच पाणी मारल्यामुळे आम्ल व्हार्निशच्या खाली पोहोचले नाही. दुसरे मत असे की पूर्ण काढण्याच्या नादात संवर्धक मूळ रंगाच्या पृष्ठभागापर्यंत जातो आणि तेथे चित्रकाराने स्वतः दिलेले पातळ पारदर्शक लेप असू शकतात. लंडनच्या नॅशनल गॅलरीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साफ केलेली चित्रे 1947 साली लोकांसमोर मांडली गेली, तेव्हा याच मुद्द्यावरून वाद पेटला आणि तो पुढे कित्येक वर्षे कला-नियतकालिकांतून चालला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात लिओनार्दोच्या संत अॅनच्या चित्राची सफाई 2012 साली पूर्ण झाली. त्या सफाईच्या सल्लागार समितीतून, व्हार्निश जरुरीपेक्षा जास्त काढले जात आहे असे वाटल्याने, दोन तज्ज्ञ आधीच बाहेर पडले होते.

मधला मार्ग म्हणजे व्हार्निश पूर्ण न काढता सगळीकडे सारखे विरळ करणे. त्याने पिवळेपणाचा मोठा भाग जातो आणि द्रावक मूळ रंगापर्यंत थेट पोहोचत नाही. माझे मत विचाराल तर गडद, पारदर्शक लेपांनी घडलेल्या चित्रासाठी हाच मार्ग बहुधा बरा. पण 'सारखे' हा त्यातला कठीण शब्द आहे. उजळ भाग लवकर आणि निर्धास्तपणे साफ होतात, गडद भागांत संवर्धक बिचकतो, आणि शेवटी चेहरा आणि हात अंधारातून तरंगत बाहेर आल्यासारखे दिसतात. हा परिणाम कित्येकांना 'नाट्यमय' वाटतो, पण तो चित्रकाराचा नसून अर्धवट सफाईचा असतो.

चित्रातील तपकिरी पाने मूळची हिरवी होती हे ठाऊक असताना तो हिरवा परत का आणत नाहीत?

कारण तो गेलेला नसतो, बदललेला असतो. तांब्याचा क्षार राळेत आणि तेलात मिसळून केलेला चमकदार हिरवा लेप जुन्या चित्रकारांना फार प्रिय होता. प्रकाशात तो हळूहळू तपकिरी होतो. तो तपकिरी लेप चित्रकाराच्या हातचाच आहे आणि त्याला पुन्हा हिरवा करणारे रसायन नाही. त्याचा धोका असा की तो दिसायला अगदी मळक्या व्हार्निशसारखा असतो आणि त्यात राळ असल्याने द्रावकाला दादही तशीच देतो. पूर्वी कित्येक चित्रांतून असे लेप व्हार्निश समजून पुसले गेले. आज शंका आली तर टाचणीच्या टोकाएवढा नमुना घेऊन त्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हिरवे कण तपकिरी थराच्या तळाशी, चौकटीने झाकलेल्या भागात किंवा जाड थराच्या आत शिल्लक दिसले, की तेथे बोळा थांबतो.

असे इतरही बदल आहेत. कोबाल्टयुक्त काचेची पूड असलेला निळा रंग तेलात राखाडी होतो. वनस्पतीजन्य पिवळे रंग उडून गेल्याने हिरवी झाडी निळसर दिसते. किरमिजी लेप फिके पडतात. काळानुसार तेलाचा थर अधिक पारदर्शक होतो आणि चित्रकाराने रंगवून झाकलेली पहिली रेघ वर दिसू लागते. या सर्वांना 'जसेच्या तसे' हेच उत्तर असते. राखाडी झालेल्या झग्यावर नवा निळा लावणे ही रंगपूर्ती नव्हे, ते मूळ कामावर केलेले नवे चित्र होय.

यातून एक अप्रिय गोष्ट निघते. व्हार्निश काढल्यावर चित्र पहिल्या दिवसासारखे होत नाही. पिवळ्या पडद्यामागे सगळे रंग निदान एकत्र तरी नांदत होते. तो काढला की टिकलेला निळा कडक दिसतो आणि उडालेला लाल शेजारी निस्तेज. सफाई किती करायची हे ठरवताना हा विसंवादही मोजावा लागतो.

पूर्वी दुसऱ्या कोणी रंगवून झाकलेला भाग काढावा की इतिहास म्हणून ठेवावा?

याचे उत्तर तपासणीतून कसे मिळते, हे एका चित्रावरून नीट समजते. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संग्रहालयात फेरमेर या डच चित्रकाराचे 'खिडकीशी पत्र वाचणारी मुलगी' हे चित्र आहे. ते 1742 पासून तेथील संग्रहात आहे आणि तेव्हा ते रेम्ब्राँचे समजले गेले होते. मुलीच्या मागे मोठी मोकळी भिंत होती आणि ती शांत, रिकामी भिंत ही या चित्राची ओळखच बनली होती. 1979 साली क्ष-किरण छायाचित्रात त्या भिंतीत कामदेवाचे एक चित्र दडलेले दिसले. पण फेरमेरनेच विचार बदलून ते झाकले असावे, असे सगळ्यांनी धरले. चित्रकारानेच झाकले असेल तर उघडे करण्याचा प्रश्नच येत नव्हता.

2017 साली पिवळे व्हार्निश काढण्याचे काम सुरू झाल्यावर त्या भिंतीवरील रंग द्रावकाला आजूबाजूच्या रंगापेक्षा वेगळा वागतो, असे दिसले. मग नमुन्यांचे छेद तपासले गेले आणि निर्णायक पुरावा मिळाला: कामदेवाचा रंग आणि त्याला झाकणारा रंग यांच्यामध्ये व्हार्निशसारखा एक थर होता आणि त्यावर धूळ साचलेली होती. चित्रकाराने काम करता करता मत बदलले असते तर मध्ये व्हार्निश आणि मळी कशी आली असती? चित्र पूर्ण होऊन, व्हार्निश देऊन, भिंतीवर लागून काही दशके गेल्यावर कोणी तरी हे झाकले, असाच अर्थ त्यातून निघत होता, आणि तोपर्यंत फेरमेर हयात नव्हता. तज्ज्ञांच्या समितीशी चर्चा करून 2018 साली झाकण काढण्याचा निर्णय झाला.

पद्धतीची निवडही तितकीच शिकण्यासारखी आहे. झाकणारा रंग जुना आणि कठीण झालेला होता. त्याला विरघळवणारा द्रावक खालच्या मूळ रंगालाही इजा करू शकला असता. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रियेच्या सुरीने तो थर कणाकणाने सोलला गेला, आणि मधला जुना व्हार्निशचा थर मूळ रंगाचे संरक्षण म्हणून जागेवर ठेवला गेला. हे काम काही वर्षे चालले आणि 2021 च्या सप्टेंबरमध्ये चित्र कामदेवासह लोकांपुढे आले.

मधला मळीचा थर सापडला नसता, तर तेच रंगकाम त्याच जागी राहिले असते, आणि ते योग्यच ठरले असते. झाकणाखाली मूळ रंग शिल्लक नसून केवळ खरडलेला कॅनव्हास निघण्याची शक्यता असेल, तर परक्या हाताचे रंगकामही काढण्यात अर्थ नसतो. क्ष-किरणात आकृती दिसते, पण तिचा पृष्ठभाग किती शाबूत आहे हे लहान चाचणी-खिडकी उघडल्याशिवाय कळत नाही.

रंगपूर्ती कुठे करायची आणि कुठे नाही, हे कसे ठरते?

नियम एका वाक्यात सांगता येतो: रंग फक्त जेथे मूळ रंग गेला आहे तेथेच, त्या सीमेच्या आत. पाळताना मात्र तो कठीण जातो. एक नमुना घेऊ. समजा एका व्यक्तिचित्राची सफाई झाली आहे आणि आता तीन दोष दिसतात. गालावर नखाएवढी जागा अस्तरापर्यंत गळलेली आहे. पार्श्वभूमीत जुन्या कडक सफाईने गडद रंग झिजून विणीचे उंचवटे दिसत आहेत. आणि संपूर्ण चेहऱ्यावर तड्यांची बारीक जाळी आहे.

गालावरील पोकळी भरायची, यावर कोणाचे दुमत होणार नाही. एवढासा पांढरा ठिपका डोळा ओढून घेतो आणि चेहरा त्या ठिपक्याभोवतीचा भाग बनतो. आधी खडूची भुकटी आणि सरस यांची लांबी भरून ती शेजारच्या रंगाच्या पातळीला आणतात, तिच्यावर कुंचल्याच्या खुणा आणि तड्यांचा पोत उठवतात, कारण गुळगुळीत भरण रंग हुबेहूब जुळला तरी तिरप्या प्रकाशात चकाकून उघडे पडते. लांबीचा एक कणही मूळ रंगावर चढू द्यायचा नसतो, चढलाच तर ओलसर कापसाने पुसून घेतात.

झिजलेल्या पार्श्वभूमीत खरी कसोटी लागते. तेथे मूळ रंग पूर्ण गेलेला नाही, फक्त विणीच्या टोकांवरून गेला आहे. सगळ्यावर पातळ गडद लेप फिरवला तर पाच मिनिटांत काम होते, पण दरीत शिल्लक असलेला मूळ रंगही त्याखाली जातो. योग्य पद्धत म्हणजे भिंगाखाली बारीक कुंचल्याने फक्त उघड्या टोकांवर ठिपका ठेवत जाणे, आणि तेही सगळ्या टोकांवर नव्हे. चेहऱ्याच्या कडेला जेथे झिजेमुळे आकृती पार्श्वभूमीपासून सुटत नाही, तेथे ठिपके द्यायचे, कोपऱ्यात झीज दिसत राहिली तरी चालते. थोडे काम करून सहा फुटांवर जाऊन पाहायचे आणि झीज आधी दिसते की चेहरा, एवढेच स्वतःला विचारायचे. चेहरा आधी दिसू लागला की कुंचला खाली ठेवायचा.

तिसऱ्या दोषाला, तड्यांना, हात लावायचा नाही.

तडे का बुजवत नाहीत?

तडे म्हणजे रंगाची गळती नव्हे. कॅनव्हास किंवा लाकूड हवेतील ओलाव्याने ताणते आणि आक्रसते, जुना ठिसूळ रंग तसा हलू शकत नाही, म्हणून तो तडकतो. तडे बुजवायला घातलेला रंग तड्याच्या दोन्ही काठांवर चढतो आणि ऋतू बदलला की पुन्हा फाटतो. शिवाय तड्यांची जाळी आधार कोणता, अस्तर किती जाड, चित्र कधी आदळले का हे सांगत असते. कोळ्याच्या जाळ्यासारखे एका बिंदूतून निघालेले तडे दिसले, तर तेथे मागून कशाचा तरी धक्का बसलेला असतो.

अपवाद एकच मान्य आहे. एखादा रुंद तडा, विशेषतः रंग सुकताना पडलेला, आणि त्यातून फिके अस्तर डोळ्यांच्या किंवा ओठांच्या मध्येच चमकत असेल, तर त्याच्या तळाला किंचित गडद छटा देऊन त्याचा आवाज कमी करतात. तड्यांचे काठ वर उचलले गेले असतील तर तो दिसण्याचा प्रश्न राहत नाही, ते माशाच्या वायुकोशापासून केलेल्या सरसासारख्या चिकट द्रव्याने, हलक्या उष्णतेने आणि दाबाने बसवावेच लागतात.

केलेली रंगपूर्ती ओळखू यावी की येऊ नये?

पोकळी लहान असेल आणि तेथे काय होते याबद्दल शंका नसेल, तर ती शेजारच्या रंगात पूर्ण मिसळली तरी बहुतेक संवर्धकांना चालते, कारण अतिनील प्रकाशात आणि नोंदीच्या छायाचित्रांत ती दिसतेच. पोकळी मोठी असली की प्रश्न बिकट होतो. रोममध्ये 1939 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संवर्धन संस्थेत चेझारे ब्रांदी यांच्या नेतृत्वाखाली एक तोडगा निघाला: पोकळी जलरंगातील सुमारे 1 सेंटीमीटर लांबीच्या उभ्या बारीक रेषांनी भरायची. दुरून त्या रेषा मिसळून आकृती पूर्ण होते, जवळ गेल्यावर ही मागाहून घातलेली भर आहे हे उघड दिसते.

पण तेथे मुळात काय होते हेच कळत नसेल तर? 4 नोव्हेंबर 1966 च्या पुरात फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे चर्चमधील चिमाब्वे या जुन्या इटालियन चित्रकाराच्या क्रुसावरील चित्राचा सुमारे 60 टक्के रंग वाहून गेला. चेहऱ्याचा आणि शरीराचा गेलेला भाग कल्पनेने रंगवणे म्हणजे नवा ख्रिस्त रंगवणे झाले असते. तेथील संवर्धकांनी पोकळ्यांमध्ये उरलेल्या मूळ रंगांच्या छटांतून ठरवलेल्या काही रंगांच्या एकमेकींना छेदणाऱ्या रेषा भरल्या. त्यांत कोणतीही आकृती नाही, फक्त शेजारच्या रंगांशी जुळणारा एक तटस्थ थरथरता रंग आहे. नुकसान लपलेले नाही, पण डोळा आधी उरलेल्या चित्राकडे जातो. काहींना तो उपाय आवडत नाही. मला तो प्रामाणिक वाटतो.

रंगपूर्तीसाठी तैलरंगच का वापरत नाहीत?

तैलरंग काळानुसार गडद आणि पिवळा होतो, शिवाय सुकल्यावर मूळ रंगाइतकाच घट्ट होऊन बसतो. आज जुळलेला गाल तीस वर्षांनी डागासारखा दिसतो आणि तो काढायला गेले तर शेजारचा मूळ रंग धोक्यात येतो. म्हणून मूळ रंगावर आधी व्हार्निशचा एक विलग करणारा थर देतात, आणि त्यावर जलरंग, गव्हाश हा अपारदर्शक जलरंग किंवा टिकाऊ कृत्रिम राळेत घोटलेले रंग वापरतात, जे पुढे सौम्य द्रावकाने निघू शकतात. रंग जुळवणे दिवसाच्या प्रकाशात करावे लागते आणि दिव्याखाली पुन्हा पाहावे लागते, कारण वेगळ्या द्रव्यांनी बनलेल्या दोन सारख्या छटा एका प्रकाशात जुळतात आणि दुसऱ्यात फुटून दिसतात.

घरी असलेले जुने चित्र आपणच ओल्या फडक्याने पुसले तर?

पुसू नये. पाणी तड्यांतून खाली अस्तरापर्यंत जाते. अस्तरात सरस असेल तर तो फुगतो, कॅनव्हास आक्रसतो आणि रंगाचे पापुद्रे उभे राहतात. साबण, बटाट्याचा काप, पाव यांचे सल्ले जुनेच आहेत. त्यांचा अवशेष तड्यांत राहतो आणि बुरशीला खाद्य पुरवतो. फार तर रंग सुटत नाही याची खात्री करून कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झटकावी, आणि सुटत असेल तर तेवढेही करू नये.

काहीच न करण्याचा निर्णय केव्हा घेतात?

तो निर्णय लोकांना वाटतो त्यापेक्षा अधिक वेळा घेतला जातो. चाचणीत व्हार्निश आणि मूळ रंग एकाच मिश्रणाला विरघळत असतील, म्हणजे चित्रकाराने रंगातच राळ मिसळलेली असेल, तर द्रावकाने व्हार्निश काढण्याचा विषय तेथे संपतो. पूर्वी दोन तीनदा कडक सफाई झालेल्या, झिजलेल्या चित्रावर पिवळे व्हार्निश झीज झाकून धरत असते. ते काढले तर जेवढे दिसेल तेवढे सगळे रंगपूर्तीने पुन्हा झाकावे लागेल, मग एक थर काढून दुसरा चढवण्यात काय साधले? पृष्ठभागावर शिशाच्या साबणाचे, म्हणजे शिसे आणि तेल यांच्या संयोगातून बनलेल्या पदार्थाचे, सूक्ष्म दाणे वर आले असतील तर तेही खरवडत नाहीत. ते खालच्या रंगातूनच तयार झालेले असतात आणि काढल्यावर तेथे खड्डा उरतो.

'काहीच नाही' याचा अर्थ चित्र कपाटात टाकणे असा होत नाही. सामान्य, तिरप्या आणि अतिनील प्रकाशातील छायाचित्रे काढून ठेवतात, सुटणारे भाग कोठे आहेत त्याचा नकाशा करतात, चित्रामागे धक्का आणि धूळ थोपवणारा पुठ्ठा बसवतात, ओलाव्यातील चढउतार कमी करतात आणि प्रकाश बेताचा ठेवतात. पुढच्या तपासणीत तीच छायाचित्रे शेजारी ठेवून पाहतात की एखादा तडा लांबला आहे का, एखादा पापुद्रा वर आला आहे का. काही हललेले नसेल, तर नोंदवहीत तारीख घालून पुन्हा तोच निर्णय लिहितात.